रक्त ‘घट्ट’ नसतं, मग हेपारिनची सुई कशासाठी?

दोन-तीनदा दिवस राहून गर्भ टिकला नाही, की रक्ताच्या तपासण्या होतात आणि मग घरात एक वाक्य फिरायला लागतं: ‘तिचं रक्त घट्ट आहे, म्हणून रोज पोटात सुई घ्यावी लागते.’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाकासारखं दाटलेलं रक्त उभं राहतं. असं काहीही नसतं. या ‘घट्ट रक्ता’मागे बहुधा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम नावाचा आजार असतो, ज्यात शरीर स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. पण तो असलेल्या बाईचं रक्त इतरांच्या रक्तासारखंच वाहतं. ‘रक्त पातळ करणारी’ म्हणून ओळखली जाणारी औषधंही रक्ताचा दाटपणा कमी करत नाहीत. गुठळी होण्यासाठी एकामागून एक ज्या क्रिया व्हाव्या लागतात, त्यांतली एखादी ती अडवतात. पण गरोदरपणात हेपारिन बहुधा एवढंच करून थांबत नाही, आणि मला या विषयात सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं. त्यांतला फॉस्फॅटिडिलसेरीन हा रेणू पेशी नेहमी आतल्या थरात ठेवते. जखम झाली आणि प्लेटलेट जागी झाली, की तिच्या आवरणात उलटापालट होते आणि हा रेणू बाहेर येतो. रक्त गोठवणारी प्रथिनं त्या पृष्ठभागावर येऊन बसतात, जवळजवळ आल्यामुळे त्यांचं काम कितीतरी पटींनी वेगानं होतं आणि गुठळी तयार होते. अशा उघड्या फॉस्फोलिपिडला चिकटणारं आणखी एक प्रथिन तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या रक्तात असतं. त्याचं नाव बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. रक्तात तरंगताना ते कड्यासारखं मिटलेलं असतं. फॉस्फोलिपिडला चिकटलं की ते उघडतं, मासे धरायच्या गळासारखं दिसू लागतं आणि त्याचा एरवी झाकलेला भाग समोर येतो. या आजारातली प्रतिपिंडं मुख्यतः तोच भाग ओळखतात. प्रतिपिंडाला दोन हात असतात. एका हाताची पकड सैल असते, पण शेजारशेजारचे दोन गळ दोन हातांनी धरले की ती सहज सुटत नाही. म्हणजे नावात ‘फॉस्फोलिपिडविरोधी’ असलं, तरी या प्रतिपिंडांचा खरा रोख त्यावर बसलेल्या प्रथिनावर असतो.

या प्रतिपिंडांनी डॉक्टरांना बरीच वर्षं चकवलं. ती शोधण्याच्या एका मुख्य चाचणीत घोणस सापाचं विष वापरतात. घोणस चावल्यावर रक्त गोठण्याची घडी विस्कटते, कारण तिच्या विषातला एक घटक गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या प्रथिनाला थेट जागं करतो. प्रयोगशाळेत हेच विष अगदी विरळ करून, मोजक्या फॉस्फोलिपिडसोबत रुग्णाच्या रक्तद्रवात घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते बघतात. प्रतिपिंडं असतील तर ती नळीतलं तेवढंसं फॉस्फोलिपिड अडवून बसतात आणि गोठायला उशीर होतो. म्हणून त्यांना ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’, म्हणजे गोठणं रोखणारा घटक, असं नाव पडलं. शरीरात मात्र बरोबर उलटं घडतं. तिथे फॉस्फोलिपिडची टंचाई नसते आणि गळाला लटकलेली प्रतिपिंडं रक्तवाहिन्यांच्या अस्तराला व प्लेटलेटना चिथावतात. नळीत उशिरा गोठणारं हेच रक्त शरीरात गुठळ्या करतं. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३मध्ये या गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात आणि ही प्रतिपिंडं एकाच आजाराची अंगं म्हणून मांडली.

आता वारेकडे येऊ. गर्भपात का होतो याचं सरळ उत्तर बरीच वर्षं असं दिलं जायचं: वारेत गुठळ्या होतात, बाळाचा पुरवठा तुटतो. ऐकायला पटतं, पण त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे अशा गर्भपातांनंतर वार सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर पुष्कळदा गुठळ्या दिसतच नाहीत. दुसरी अडचण वेळेची आहे. पहिले साधारण दहा आठवडे आईचं रक्त वारेत मोकळेपणानं शिरतच नसतं. गर्भाच्याच पेशी आईच्या धमन्यांच्या तोंडाशी बुचासारख्या बसलेल्या असतात आणि आत फक्त पाझर पोचतो. खरा प्रवाह तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस सुरू होतो. मग सातव्या आठवड्यातला गर्भपात नुसत्या गुठळीवर कसा ढकलायचा?

उत्तर वारेच्या बाहेरच्या थरात आहे. तिथल्या पेशी एकमेकींत विरघळून एक सलग पापुद्रा तयार करतात, आणि असं एकजीव होताना त्यांना फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर काढावं लागतं. जखम नाही, प्लेटलेट नाही, तरी फॉस्फोलिपिड उघडं! बीटा-२ प्रथिन तिथे चिकटतं, गळ उघडतो, प्रतिपिंडं येऊन बसतात. त्यांच्या मागोमाग कॉम्प्लिमेंट येतं. कॉम्प्लिमेंट म्हणजे जंतूंना भोकं पाडणाऱ्या आणि पांढऱ्या पेशींना हाका मारणाऱ्या प्रथिनांची फळी. वारेच्या कोवळ्या पेशी या माऱ्यात सापडतात. आईच्या धमन्यांपर्यंत पोचून त्या रुंद करायचं त्यांचं काम अर्धवट राहतं. गर्भ लवकर गेला नाही, तरी या अर्धवट कामाचे परिणाम पुढे दिसतात: बाळाची वाढ खुंटते किंवा आईला प्रीएक्लॅम्पसिया होतो, म्हणजे रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंड, यकृतापर्यंत त्रास पोचतो.

हे नुसतं तर्कानं जुळवलेलं नाही. २००४मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी गाभण उंदरिणींना रुग्णांची प्रतिपिंडं टोचली आणि त्यांचे गर्भ जाऊ लागले. हेपारिन दिल्यावर ते वाचले. मग त्यांनी रक्त गोठणं रोखणारी आणखी दोन औषधं वापरून बघितली. एक हिरुडिन, म्हणजे रक्त पिताना जळू आपल्या लाळेतून सोडते तो पदार्थ, आणि दुसरं फोंडापॅरिनक्स. दोन्ही औषधांनी रक्त गोठणं रोखलं, पण गर्भ वाचले नाहीत. फरक हा, की हेपारिन कॉम्प्लिमेंटलाही आवरतं आणि ही दोन औषधं आवरत नाहीत. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण एका साध्या तुलनेनं त्यानं ‘रक्त पातळ केलं म्हणून मूल वाचलं’ हे समीकरण हलवून टाकलं.

ॲस्पिरिनचा मार्ग वेगळा आहे. त्याची छोटी मात्रा प्लेटलेटमधलं एक विकर कायमचं बंद करते. प्लेटलेटला केंद्रक नसतो, त्यामुळे तिला नवं विकर बनवता येत नाही आणि आठ-दहा दिवसांचं उरलेलं आयुष्य ती तशीच काढते. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी मात्र ते पुन्हा बनवतात आणि वाहिनी सैल ठेवणारा पदार्थ सोडत राहतात. हा तोल छोट्या मात्रेतच साधतो, म्हणून डोकेदुखीच्या मोठ्या गोळीनं हे काम होत नाही.

माणसांमधला पुरावा उंदरांइतका स्वच्छ नाही. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९० स्त्रियांच्या एका चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के गर्भारपणांत जिवंत मूल जन्मलं, तर हेपारिनची जोड दिल्यावर ७१ टक्के. २००२च्या दुसऱ्या चाचणीत हे आकडे ७२ आणि ७८ आले, म्हणजे फारसा फरक नाही. तरीही दोन्ही औषधं एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. हेपारिनचा रेणू मोठा असतो, तो वार ओलांडत नाही, त्यामुळे बाळापर्यंत पोचत नाही. गुठळी रोखणारं दुसरं औषध, वॉरफरिन, तोंडानं घेता येतं, पण ते वार ओलांडतं आणि विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळात व्यंग निर्माण करू शकतं, म्हणून ती सोयीची गोळी इथे चालत नाही.

एक उदाहरण धरू. समजा, एका बाईचे दोन गर्भ आठव्या आठवड्याच्या आत गेले आणि तिसऱ्याचे ठोके चौदाव्या आठवड्यात थांबले. सोनोग्राफीत त्या बाळात काही दोष दिसला नव्हता. घोणशीच्या विषाच्या चाचणीत तिचं रक्तद्रव ३८ सेकंदांच्या आसपास गोठायला हवं होतं, लागले ६२. त्यात निरोगी रक्तद्रव अर्धंअर्धं मिसळलं तरी ५५. एखादं प्रथिन नुसतं कमी असतं, तर मिसळल्यावर ते भरून निघालं असतं. म्हणजे काहीतरी आडवं येतंय. मग भरपूर फॉस्फोलिपिड घातलं आणि वेळ ३८वर आली. सगळी प्रतिपिंडं गुंतून गेली तरी साखळीसाठी पुरेसं फॉस्फोलिपिड उरलं. प्रतिपिंडं आहेत हे कळलं, पण निदान अजून झालं नाही. साध्या संसर्गानंतरही अशी प्रतिपिंडं काही काळ येतात आणि जातात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. ती चाचणी हेपारिन सुरू असताना केली, तर आकडे फसवू शकतात. हिची दुसरी चाचणीही तशीच आली, तेव्हा नाव पक्कं झालं.

पुढच्या वेळी ॲस्पिरिन दिवस राहण्याआधीच सुरू झालं आणि गर्भ राहिल्याचं कळताच एनॉक्सापॅरिन या हेपारिनच्याच एका प्रकाराची ४० मिलिग्रॅमची रोज एक सुई. पोटाच्या कातडीची चिमूट धरायची, बारीक सुई सरळ आत घालायची, औषध सावकाश सोडायचं आणि नंतर तिथे चोळायचं नाही. चोळलं की निळा डाग मोठा होतो. क्वचित हेपारिनमुळेच प्लेटलेट घसरतात आणि उलट गुठळ्या होतात, म्हणून प्लेटलेटच्या मोजणीकडे लक्ष ठेवावं लागतं. कळा सुरू झाल्यासारखं वाटलं तर पुढची सुई न घेता दवाखाना गाठायचा, कारण शेवटच्या सुईनंतर १२ तास तरी गेल्याशिवाय पाठीत भुलीची सुई देत नाहीत. तिथे रक्त साचलं तर मज्जारज्जू दबू शकतो.

एवढं सगळं असूनही काही गर्भ जातात. अशा वेळी ‘जिना चढली’, ‘जड उचललं’, ‘कुणाची नजर लागली’ असं म्हणून त्या बाईलाच दोष देणं मला संतापजनक वाटतं. तिनं काही केलं म्हणून तिच्या शरीरात ही प्रतिपिंडं तयार झालेली नसतात.

उलट टोकाची चूकही तितकीच होते. गर्भपात झाला की सरसकट हेपारिन. फॅक्टर फाइव्ह लायडेनसारखे जन्मजात दोष गुठळीचा धोका वाढवतात आणि पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्या गरोदर बाईला हेपारिन लागतंच. पण असा दोष आणि वारंवार गर्भपात असलेल्या ३२६ स्त्रियांच्या, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेपारिन घेणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांना मूल झालं. वरची गोष्ट नीट कळली असेल तर याचं नवल वाटणार नाही. या दोषांत गुठळी लवकर होते, पण वारेवर जाऊन बसणारी प्रतिपिंडं नसतात. आणि एमटीएचएफआर जनुकाची तपासणी गर्भपाताच्या पॅकेजात घालून भीती विकणं तर थांबायलाच हवं. त्या जनुकाचे हे प्रकार असंख्य निरोगी माणसांत सापडतात.

आपल्या उदाहरणातल्या बाईचं बाळंतपण पार पडलं तरी सुया लगेच संपत नाहीत. गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून साधारण सहा आठवडे हेपारिन चालू ठेवतात. त्या काळात अंगावर पाजायला हरकत नसते. मग सुई थांबते. प्रतिपिंडं मात्र रक्तात राहतात, म्हणून इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी तिनं घ्यायची नसते. एका पोटरीला अचानक सूज आली, दम लागला किंवा बोलणं अडखळलं, तर दवाखान्यात शिरताच आपल्या आजाराचं नाव तिनं सांगायला हवं.