अडकलेली फिरकी आणि रुतलेली फिरकी

माझ्या बहिणीचा फोन आला तेव्हा भाचीचे कान टोचून तीन आठवडे झाले होते. मुलगी नऊ वर्षांची. "उजव्या कानातली फिरकी निघतच नाहीये, पाळी सुजलीय. डाव्याची बहुतेक कुठेतरी पडली, पण कानातलं जागेवर आहे," बहीण म्हणाली. तिला काळजी उजव्या कानाची होती. मी ड्रेसिंगच्या खोलीत बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून मला डाव्या कानाचीच जास्त काळजी वाटली. फिरकी पडली असती तर कानातलंही थोड्याच वेळात गळून पडलं असतं. नुसती दांडी सुजलेल्या पाळीत दिवसेंदिवस टिकत नाही.

दोन्ही कान सुजलेले, दोन्हीकडून फिरकी निघत नाही, पण प्रकार वेगळे. उजवीकडची फिरकी अडकली होती, म्हणजे ती कातडीच्या बाहेरच होती. सुजेमुळे आणि वाळलेल्या खपलीमुळे घट्ट बसली होती. डावीकडची रुतली होती, म्हणजे सुजलेल्या कातडीने तिला गिळून वरून तोंड मिटायला घेतलं होतं. पहिली बहुतेक वेळा घरी निघते. दुसरीला घरी हात लावायचा नाही.

फरक ओळखायला चांगला उजेड लागतो. मोबाइलचा टॉर्च कानामागे धरा आणि पाळी हळूच पुढे वळवून मागून बघा. उजव्या कानात फिरकीची कड चहूबाजूंनी दिसत होती. कड आणि कातडी यांच्यामध्ये पिवळसर, कडक खपली होती. पुढचा खडा बोटाने किंचित हलवला की मागे फिरकीही हलत होती. डाव्या कानात मागे फिरकी नव्हतीच, टाचणीच्या डोक्याएवढं एक ओलसर भोक तेवढं होतं. पुढून खडा आत ओढला गेला होता आणि त्याच्या कडांनी कातडीत खळगा पाडला होता. पाळी दोन बोटांत अगदी हलकेच धरली तेव्हा आत लहान बटणासारखं काहीतरी टणक लागलं. तीच 'हरवलेली' फिरकी.

असं होण्याचं कारण साधं असतं. टोचल्यावर पाळी सुजतेच. दांडी आखूड असेल किंवा पडू नये म्हणून फिरकी शेवटपर्यंत दाबलेली असेल, तर सुजेला जागा उरत नाही. दाबाने सूज वाढते, सुजेने दाब वाढतो, आणि काही दिवसांतच कातडी फिरकीच्या कडांवरून वर चढते. एकाच मुलीच्या एका कानात हे झालं आणि दुसऱ्यात नाही, कारण ती डाव्या कुशीवर झोपायची.

उजव्या कानाचं आम्ही काय केलं ते सांगते. आधी दोघींनी साबणाने हात धुतले. अडीचशे मिली पाणी उकळून कोमट होऊ दिलं आणि त्यात छोटा पाव चमचा मीठ विरघळवलं. स्वच्छ सुती कापडाची घडी त्यात भिजवून पाळीच्या मागेपुढे दहा मिनिटं धरली, मध्ये एकदा कापड पुन्हा कोमट केलं. खपली भिजून मऊ झाली की ओल्या कापडानेच पुसली जाते. कोरडी असताना नखाने उकरली तर कातडी सोलते आणि सूज आणखी वाढते. मग कापडात गुंडाळलेला बर्फ पाच-सात मिनिटं लावला, म्हणजे सूज थोडी बसते आणि दुखणंही बधिर होतं. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही.

फिरकी काढताना पुढचा खडा एका हाताने पक्का धरायचा, हलवायचा नाही. हलवायची ती फक्त फिरकी. मळसूत्राची असेल तर मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायची. दाबाची असेल तर डावी-उजवीकडे किंचित झुलवत दांडीवरून सरळ मागे सरकवायची. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पुढचा खडा सुटतो आणि फिरकीबरोबर दांडीही जखमेत गोल फिरते. बोटं निसटत असतील तर खडा कोरड्या कापडाच्या तुकड्यात धरा. आमची फिरकी दुसऱ्या प्रयत्नात निघाली. तिसरा मी केला नसता. दोन प्रयत्नांत निघाली नाही, किंवा मूल जोरात रडायला लागलं, तर थांबून डॉक्टरांकडे जायचं. ओढाताणीत फाटलेली पाळी शिवावी लागते.

डाव्या कानाच्या बाबतीत सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "फिरकी नाहीच तर पुढून ओढून काढ." दांडी निघते आणि फिरकी आत राहते. वरची दोन्ही भोकं मिटतात, सगळ्यांना वाटतं प्रश्न सुटला, आणि मग पाळीत पू धरतो. प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची फिरकी असेल तर ती एक्स-रेमध्येही नीट दिसत नाही. म्हणून दांडी निघाली आणि फिरकी हातात आली नाही, तर ती आतच आहे असं धरून चालायचं आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायचं. डॉक्टरांनी भाचीची पाळी इंजेक्शनने बधिर केली, मागचं भोक जेमतेम रुंद केलं, पुढून दांडी हळूच मागे ढकलली आणि बाहेर आलेली फिरकी चिमट्याने धरली. खरं काम काही मिनिटांचं. टिटॅनसचं इंजेक्शन कधी झालं होतं तेही त्यांनी विचारलं.

आता एक गोंधळाची गोष्ट. टोचलेली जागा नुसती पिकली असेल आणि फिरकी मोकळी हलत असेल, तर कधीकधी डॉक्टर कानातलं राहू द्यायला सांगतात, कारण भोक उघडं राहिलं की पू वाहून जातो. रुतलेल्या फिरकीला हा नियम लावू नका. ती आत असेपर्यंत सूज उतरत नाही.

निघाल्यावर दोन्ही कानांची निगा सारखीच: दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्याने किंवा सौम्य साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने टिपायचं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्यांनी नवी कातडी जळते आणि जखम रेंगाळते. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. सुजलेल्या कानात दुसरं कानातलं लगेच घालायचं नाही. भाचीला डॉक्टरांनी दोन महिने थांबायला सांगितलं.

फिरकी सहज निघाली तरी काही वेळा डॉक्टर लागतातच. लाली पाळीबाहेर पसरत असेल, घट्ट पू येत असेल, ताप असेल, कानामागे सूज येऊन कान पुढे आल्यासारखा दिसत असेल, किंवा ज्याचा कान आहे त्याला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी दाखवा. कानाच्या वरच्या, कडक भागात टोचलेलं असेल तर मी घरचा प्रयत्नसुद्धा करणार नाही. तिथे आत कूर्चा असते. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे संसर्ग झाला की औषध पोहोचायला वेळ लागतो आणि कूर्चा गळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. वरचा कान लाल, गरम, हात लावू न देणारा, आणि खालची मऊ पाळी मात्र नेहमीसारखी, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

दोन महिन्यांनी भाचीचा कान पुन्हा टोचला तेव्हा बहिणीने लांब दांडीचं कानातलं मागितलं, आणि फिरकी व पाळी यांच्यामध्ये दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवून घेतली.