तळं आधी की काठी आधी?

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या रीलची सुरुवात बहुतेक वेळा दोनच प्रकारे होते. एक तर ड्रोन तळ्यावरून संथपणे मंदिराकडे सरकतो. नाहीतर पहिल्याच फ्रेमला बाराबंदीतला माणूस कंबर कसून नंदीध्वजाची काठी पेलताना दिसतो आणि मागून गर्दीचा आवाज येतो, ‘बोला हर्र!’ बाळीवेसेतल्या माझ्या एका मित्राकडे दोन्ही शॉट होते. त्याचं मत ठाम होतं: ‘तळं लई भारी दिसतंय, पण लोक थांबत नाहीत बे.’ मत बरोबर असेलही, पण ते तपासता येतं. तपासायची रीत औषधांच्या चाचण्यांसारखीच आहे: एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा.

ऐकायला सोपं आहे, घोळ करताना होतो. रील सेकंदाला ३० फ्रेमची असेल तर तीन सेकंद म्हणजे ९० फ्रेम. एडिटिंगच्या फाइलची प्रत काढायची आणि फक्त या ९० फ्रेम बदलायच्या. एकूण लांबी, कॅप्शन, कव्हर, हॅशटॅग, चौथ्या सेकंदापासूनचं सगळं तेच. आवाजाचं मात्र आधी ठरवावं लागतं. तळ्याच्या शॉटवर बासरी आणि काठीच्या शॉटवर जयघोष ठेवला, तर जिंकलं कोण, चित्र की आवाज? दोन्हींखाली एकच आवाज ठेवला तर चित्राबद्दल काहीतरी कळतं. शिवाय बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, त्यांच्यापर्यंत जयघोष पोचतच नाही.

त्याहून मोठा घोळ वेळेचा. तळ्याची रील एखाद्या साध्या मंगळवारी आणि काठीची यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी टाकली, तर आपण सुरुवातींची तुलना करत नाही, दिवसांची करतो. सोमवारी महादेवाच्या रीलला मिळणारा प्रेक्षकच वेगळ्या मनःस्थितीत असतो. दोन्ही रील एकाच वेळी आपल्या पानावर टाकल्या तरी अडचण राहतेच. जुने फॉलोअर दोन्ही बघतात आणि दुसरी ‘हे तर बघितलंय’ म्हणून सरकवतात. इन्स्टाग्राम काही खात्यांना ट्रायल रीलची सोय देतं, ती इथे कामी येते. ती रील आधी फॉलोअर नसलेल्यांनाच दाखवली जाते. दोन्ही रील एकाच वेळी ट्रायल म्हणून सोडल्या की निदान ओळखीचे डोळे बाजूला राहतात. तरीही कोणती रील कुणाला दाखवायची हे अल्गोरिदमच ठरवतो, चिठ्ठ्या टाकून नाही. प्रेक्षकांची खरी, एकमेकांत न मिसळणारी विभागणी हवी असेल तर मेटाच्या जाहिरातींमधली ए-बी टेस्ट वापरावी लागते, आणि तिला पैसे पडतात.

आता आकड्यांकडे. पहिल्या तीन सेकंदांत किती टक्के लोक पुढे सरकले, हे इन्स्टाग्राम ‘स्किप रेट’ म्हणून दाखवतं. तो शंभरातून वजा केला की थांबलेले मिळतात. समजा, तळ्याला ५२ टक्के थांबले आणि काठीला ५८. जिंकली काठी? ते किती जणांनी बघितलं यावर आहे. नाणं शंभर वेळा उडवलं तर छापा ५० ऐवजी ५७ वेळा पडणं अगदी सहज घडतं, आणि नाण्यात खोट नसते. इथेही तसंच. थांबणारे निम्म्याच्या आसपास असतील तर एक कच्चा हिशेब पुरतो: १४१ ला एका रीलच्या प्रेक्षकसंख्येच्या वर्गमुळाने भागा. जे उत्तर येईल तितक्या टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. प्रत्येकी १०० प्रेक्षक असतील तर हे उत्तर १४, ४०० असतील तर ७, आणि १,२०० असतील तर जवळपास ४. म्हणजे आपला सहा टक्क्यांचा फरक शंभर प्रेक्षकांवर काहीच सांगत नाही, बाराशेंवर मात्र सांगतो. साडेपाचशेच्या आसपास तो जेमतेम काठावर असतो. खरोखर सहाचा फरक असला, तरी तेवढ्या प्रेक्षकांत तो निम्म्या वेळा हातातून निसटतो. म्हणून अकराशे-बाराशेचं लक्ष्य बरं.

हे लक्ष्य रील सोडण्याआधीच कागदावर लिहून ठेवायचं. दर तासाला फोन उघडून बघितलं आणि काठी पुढे दिसताच ‘झालं!’ म्हणून थांबलं, तर दोन्ही सुरुवाती सारख्याच असतानाही कुणीतरी जिंकल्याचं दिसायची शक्यता बरीच वाढते. आकडे वरखाली होतच असतात. आपण फक्त आपल्याला आवडणाऱ्या क्षणी घड्याळ थांबवलेलं असतं. शिवाय हिशेबात व्ह्यूज न घेता पोचलेली माणसं घ्यावीत, कारण एकच भाविक तीच रील पाचदा बघतो आणि व्ह्यूजमध्ये ते पाचही मोजले जातात.

मला यात सगळ्यात रंजक वाटते ती पुढची गोष्ट. तीन सेकंदांची शर्यत जिंकलेली रील एकंदरीत हरू शकते. रील २० सेकंदांची धरा. तळ्याच्या रीलमध्ये तिसऱ्या सेकंदाला ५२ टक्के उरले आणि शेवटपर्यंत ४०. काठीच्या रीलमध्ये ५८ उरले, पण शेवटी ३० च. सरासरी किती वेळ बघितलं गेलं, हे कितव्या सेकंदाला किती टक्के उरले ते दाखवणाऱ्या आलेखाच्या रेषेखालच्या क्षेत्रफळावरून कळतं. उतार सरळ धरला तर तळ्याच्या पहिल्या तीन सेकंदांत सरासरी ७६ टक्के लोक होते, म्हणजे २.२८ सेकंद. पुढच्या सतरा सेकंदांत सरासरी ४६ टक्के, म्हणजे ७.८२. बेरीज १०.१. काठीचे आकडे २.३७ आणि ७.४८, बेरीज ९.८५. पहिल्या तिनात काठी पुढे, पूर्ण रीलमध्ये तळं पुढे. फरक पाव सेकंदाचाच आहे, म्हणून निकाल तळ्याच्या बाजूने लावायची घाई नको. पण काठीची सहा टक्क्यांची आघाडी पुढे विरून गेली, एवढं स्पष्ट दिसतं.

इथे एक मोहात पाडणारी तुलना टाळायची. ‘जे थांबले त्यांच्यापैकी तळ्याच्या रीलचे ७७ टक्के शेवटपर्यंत राहिले, काठीचे ५२च, म्हणजे तळ्यामुळे लोक जास्त गुंततात,’ असं कुणीही म्हणेल. पण तीन सेकंदांनंतर उरलेले दोन गट सारखे राहिलेलेच नसतात. संथ तळ्यावर जो थांबला, तो बहुधा मुळातच भाविक किंवा सोलापूरचा. काठीच्या धडाक्याने नुसता कुतूहलाने थांबलेलाही आत आला आणि मग निघून गेला. गाळण्या दोन वेगळ्या होत्या. म्हणून टक्केवारी नेहमी सुरुवातीच्या सगळ्या प्रेक्षकांवर काढायची.

मग काठी टाकून द्यायची का? नाही. आलेखात ती नेमकी कुठे घसरते ते बघायचं. चौथ्या-पाचव्या सेकंदाला रेषा एकदम खाली येत असेल तर दोष काठीत नसून जोडात आहे. काठी पेलली जात असतानाच कट मारून शांत तळं दाखवलं, जयघोषही तिथेच तोडला. ती काठी उभी राहिली का, हे प्रेक्षकाला कळलंच नाही. माझ्या मते चौथ्या सेकंदाला काठी पूर्ण उभी राहिलेली दाखवावी आणि जयघोष तळ्याच्या शॉटवर दोन सेकंद चालू ठेवावा. पण हेही मतच. शिवाय आता चौथं सेकंदही बदललं, त्यामुळे या नव्या रीलची जोडी जुन्या काठीच्या रीलशीच लावायची, तळ्याशी नाही, आणि मोजायचा तो पूर्ण बघण्याचा सरासरी वेळ.