ऑन-बेस प्लस स्लगिंग आणि विन्स अबव्ह रिप्लेसमेंट

बेसबॉलमधील खेळाडूच्या कामगिरीची दोन मापे. पहिले ‘ओपीएस’ या लघुरूपाने ओळखले जाते आणि ते फक्त फलंदाजी मोजते. दुसरे ‘वॉर’. फलंदाजी, बेसवरची धाव, क्षेत्ररक्षण आणि पिचिंग या सर्वांची गोळाबेरीज करून खेळाडूमुळे संघाचे किती विजय वाढले, याचा अंदाज ते देते. पहिले कागद-पेन्सिलीने काढता येते, दुसरे नाही.

बेसबॉलमध्ये फलंदाज बाद न होता पहिल्या बेसवर पोहोचला, तरच पुढे धाव होण्याची शक्यता राहते. तो चेंडू मारून पोहोचला तर ‘हिट’. पिचरने चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला बेस आयता मिळतो, हा ‘वॉक’. जुन्या फलंदाजी सरासरीत (हिट भागिले ॲट-बॅट) वॉकला जागाच नाही, कारण वॉक मिळालेली पाळी ‘ॲट-बॅट’मध्ये धरत नाहीत. शिवाय त्या सरासरीत एका बेसचा हिट आणि होम रन यांची किंमत सारखीच. ओपीएसमधील दोन संख्या या दोन उणिवा भरून काढतात. ऑन-बेस टक्केवारी म्हणजे हिट, वॉक आणि चेंडू अंगावर लागून मिळालेले बेस यांची बेरीज, भागिले ॲट-बॅट, वॉक, अंगावरचे चेंडू व सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे स्वतः झेलबाद होऊन सहकाऱ्याची धाव घडवणारे फटके, यांची बेरीज. स्लगिंग टक्केवारी म्हणजे हिटमधून मिळवलेले एकूण बेस (सिंगलचा एक, होम रनचे चार) भागिले ॲट-बॅट. नावात ‘टक्केवारी’ असली, तरी दोन्ही दशांशात लिहितात.

उदाहरणादाखल २०१२ सालचा अमेरिकन लीगचा हंगाम घेऊ. डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल काब्रेराचे ६२२ ॲट-बॅटमध्ये २०५ हिट होते. त्यांत ४० डबल व ४४ होम रन. वॉक ६६, अंगावरचे चेंडू ३, सॅक्रिफाइस फ्लाय ६. म्हणजे ६९७ पैकी २७४ वेळा तो बेसवर पोहोचला: ०.३९३. एकूण बेस ३७७ भागिले ६२२: ०.६०६. बेरीज ०.९९९. लॉस एंजेलिस एंजल्सच्या माइक ट्राउटची याच रीतीने ०.३९९ अधिक ०.५६४, म्हणजे ०.९६३ इतकी होते. ढोबळमानाने ०.९०० च्या वरचा ओपीएस उत्कृष्ट समजतात.

दोन वेगळ्या छेदांचे अपूर्णांक बेधडक मिळवणे गणिताच्या दृष्टीने ओबडधोबडच आहे. क्रिकेटमध्ये सरासरी आणि स्ट्राइक रेट यांची बेरीज करावी, तसा हा प्रकार. तरीही तो चालतो, आणि का चालतो हे पाहण्यासारखे आहे. ओपीएसमध्ये वॉकची किंमत साधारण एक, सिंगलची दोन आणि होम रनची पाच पडते. प्रत्यक्ष सामन्यांच्या नोंदींवरून काढलेल्या सरासरीनुसार वॉक सुमारे ०.३ धावेचा, सिंगल ०.४७ च्या आसपास आणि होम रन सुमारे १.४ धावांचा असतो. म्हणजे प्रमाणे बऱ्यापैकी जुळतात; वॉकवर मात्र थोडा अन्याय होतो. ऑन-बेसमधील एक अंश स्लगिंगमधील एका अंशाच्या जवळजवळ पावणेदोन पट मोलाचा आहे, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे.

ओपीएसच्या उगमाबद्दल एकमत नाही. सामान्यतः श्रेय जॉन थॉर्न व पीट पामर यांना दिले जाते. त्यांच्या १९८४ मधील ग्रंथामुळे हे माप रुळले. योगायोगाने (किंवा कदाचित योगायोगाने नव्हे) ऑन-बेस टक्केवारीला अधिकृत मान्यताही त्याच सुमारास मिळाली. परंतु पिट्सबर्ग पायरेट्सचे ब्रांच रिकी आणि ब्रुकलिन डॉजर्सचे सांख्यिकीतज्ज्ञ ॲलन रॉथ यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सूत्रात ऑन-बेसच्या संख्येत सिंगलपलीकडच्या जादा बेसांचे गुणोत्तर पाऊणपट करून मिळवले होते. बेरजेची कल्पना म्हणून पाहिले तर बीज तिथेच आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. पामर यांचे काम ते सोपे करून प्रचारात आणण्याचे. आणि गंमत अशी, की प्रत्येक घटनेला धावांत किंमत देण्याची त्यांची स्वतःची पद्धत ओपीएसपेक्षा अधिक काटेकोर होती.

‘वॉर’चा तर एक जनक दाखवता येत नाही. सरासरी खेळाडूशी तुलना करण्याऐवजी ‘रिप्लेसमेंट’ खेळाडूशी करावी, ही कल्पना १९८० नंतरच्या दशकांत अनेकांच्या लेखनातून घडत गेली. रिप्लेसमेंट म्हणजे खालच्या लीगमधून कोणत्याही दिवशी किमान वेतनावर आणता येईल असा गडी. सरासरी खेळाडू फुकट मिळत नाही, म्हणून शून्याची रेघ त्याच्यावर ओढणे चुकीचे, असा यामागचा तर्क. आज फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स या दोन संस्थांचे आकडे सर्वाधिक वापरले जातात. रेघ कुठे ओढावी यावर त्यांनी २०१३ मध्ये एकमत केले: असा संपूर्ण संघ १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल.

हिशेब धावांत होतो आणि शेवटी साधारण दहा धावांना एक विजय या दराने विजयांत बदलतो. पुन्हा २०१२ कडे वळू. फलंदाजीत ओपीएसनुसार काब्रेरा पुढे. पण एंजल्सचे मैदान धावा काढायला कठीण, ती दुरुस्ती केल्यावर प्रत्येक पाळीमागे ट्राउट त्याच्या बरोबरीला येतो. ट्राउटने ४९ बेस चोरले आणि केवळ पाच वेळा पकडला गेला. काब्रेरा २८ वेळा दुहेरी बाद घडवून बसला, ट्राउट ७ वेळा. ट्राउट मधल्या मैदानात उत्तम क्षेत्ररक्षण करीत होता; काब्रेराला त्याच वर्षी पहिल्या बेसवरून तिसऱ्या बेसवर हलवले होते आणि तिथे तो कमी पडत होता. ट्राउट १३९ सामनेच खेळला, तरी त्याचा वॉर दहाच्या वर गेला. काब्रेराचा सातच्या आसपास राहिला. सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र २८ पैकी २२ पहिल्या पसंतीच्या मतांनी काब्रेराला मिळाला. सरासरी, होम रन आणि धावा घडवणे या तिन्हींत अव्वल येण्याचा पराक्रम १९६७ नंतर प्रथमच घडला होता, त्याचे हे वजन.

वॉरचा कच्चा दुवा क्षेत्ररक्षण. एका हंगामातील त्याची मोजणी बरीच डळमळीत असते, त्यामुळे अर्ध्या विजयाच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. पिचरच्या बाबतीत दोन्ही संस्था मुळातच वेगळ्या वाटेने जातात: बेसबॉल-रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या धावांपासून सुरुवात करते, तर फॅनग्राफ्स पिचरच्या थेट हातातल्या गोष्टी (स्ट्राइकआउट, वॉक, होम रन) धरते. सहकारी ढिसाळ असतील, तर एकाच पिचरचे दोन आकडे बरेच लांब पडतात.

जुन्या काळात प्रत्येक चेंडू कुठे गेला याची नोंद नसल्याने क्षेत्ररक्षणाचा भाग तर्कानेच भरावा लागतो. २०२४ मध्ये निग्रो लीग्जची, म्हणजे वर्णभेदाच्या काळातील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगची, आकडेवारी मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत आली, तेव्हा जॉश गिब्सन १.१७७ ओपीएससह बेब रूथच्या (१.१६४) वर गेला. वॉरच्या यादीत तो बराच खाली आहे, कारण ओपीएस हे गुणोत्तर आहे आणि वॉर साठत जातो. त्या लीगचे हंगाम छोटे होते आणि त्यांतल्या सर्व सामन्यांची धावपत्रके हाती आलेली नाहीत.