पडवीची ताडपत्री, स्कूटरचं कव्हर आणि रजई: जीएसएम-डेनियर कसं वाचायचं

आगोट जवळ आली की आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. “ही ताडपत्री दोनशे जीएसएमची आणि ते कव्हर सहाशे डेनियरचं, म्हणजे कव्हर तिप्पट दणकट ना?” तसं नाही. आंबे डझनावर घेतात आणि मासळी वाट्यावर. डझन मोठा की वाटा, असं कुणी विचारत नाही. हे दोन आकडेही तसेच आहेत.

जीएसएम म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकड्याचं ग्रॅममधलं वजन. डेनियर हा कापडाचा नव्हे, धाग्याचा आकडा. ९ किलोमीटर लांबीचा धागा जितके ग्रॅम भरेल, तितके त्याचे डेनियर. म्हणून ताडपत्री आणि चादरीवर जीएसएम लिहिलेला दिसतो, तर दप्तर, कव्हर, छत्री यांच्यावर डेनियर.

यातला जीएसएम तुम्ही स्वतः तपासू शकता, आणि तपासावाच. गेल्या मे महिन्यात एक काका पडवीसाठी बाहेरून घेतलेली ताडपत्री घेऊन आले. लेबलावर १५ बाय २० फूट, २०० जीएसएम. एवढी पातळ कशी, म्हणून त्यांना शंका. आम्ही आधी टेप लावून माप पक्कं केलं, कारण काही वेळा लेबलावर कापायच्या आधीचं माप असतं आणि दुमड शिवल्यावर ताडपत्री थोडी आखडते. माप बरोबर निघालं. १५ गुणिले २० म्हणजे ३०० चौरस फूट, त्याला १०.७६ ने भागलं की जवळपास २८ चौरस मीटर. २०० जीएसएम असती तर वजन साडेपाच किलोच्या वर हवं होतं. काट्यावर भरली ४ किलो २०० ग्रॅम, म्हणजे १५० जीएसएम. त्यातही कडेची दुमड आणि रिंगांचं वजन आलंच.

पण वजन पुरं भरलं म्हणून ताडपत्री टिकेलच असं नाही. प्लास्टिकला पावसापेक्षा ऊन जास्त खातं. उन्हाला तोंड देणारं औषध, म्हणजे यूव्ही स्टॅबिलायझर, त्यात मिसळलेलं नसेल तर जाड ताडपत्रीही कडक होते आणि चुरगळली की बोटांना पापुद्रे लागतात. हे नवीन मालात डोळ्यांना दिसत नाही, जीएसएममध्ये तर नाहीच. तेव्हा यूव्हीचं बिलावर लिहून घ्या. आणि पडवीला लावलेली ताडपत्री बहुधा मधोमध फाटत नाही, वाऱ्याने फडफडून रिंगेपाशी फाटते. पूर्वी झापं बांधायचे, त्यातून वारा थोडा पार जायचा. ताडपत्री सगळा अंगावर घेते. दुमडीत दोरी घातलेली आणि रिंगा जवळजवळ असलेली बघा, आणि बांधताना ताणून बांधा.

आता डेनियर. धागा जाड म्हणजे कापड घसटणीला चांगलं, हे खरं. पण एका इंचात किती धागे बसवलेत, ते हा आकडा सांगत नाही. ६०० डेनियरच्या कापडात इंचाला उभे ४० आणि आडवे ३६ धागे असतील तर नुसतं विणलेलं कापड साधारण २०० जीएसएम भरतं. तोच धागा ३० आणि २६ असा विरळ विणला तर दीडशेच्या आतच राहतं. लेबलावर दोन्हीकडे ‘सहाशे’च! वर आतल्या बाजूला जाड लेप दिला की विरळ कापडही हाताला भरगच्च लागतं. म्हणून कव्हर उन्हाकडे धरा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चमकले, किंवा नखाने सरकवल्यावर धागे बाजूला झाले, तर विणकाम विरळ आहे. अंगणात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या स्कूटरसाठी आम्ही नायलॉनपेक्षा पॉलिस्टर देतो. नायलॉन वजनाच्या मानाने मजबूत असतं, पण ओलं झालं की सैलावतं आणि उन्हात लवकर कुजतं.

उबेचं गणित आणखी वेगळं. ऊब अडकलेल्या हवेने येते, वजनाने नव्हे. घरातली दाबून चपटी झालेली रजई पिंजून आणा: वजन तेच, जीएसएम तोच, पण थंडीत फरक लगेच जाणवतो. एकाच जातीच्या दोन फ्लीस चादरींत ३०० जीएसएमची चादर २०० वालीपेक्षा उबदार असते, एवढंच हा आकडा सांगतो. फ्लीसमधून वारा आरपार जातो. ओठांशी धरून फुंकर मारा, कळेल. आंबोलीला पहाटे उघड्यावर बसायचं असेल तर तिच्यावर पातळ विंडचीटर घाला. आणि आपल्या दमट हवेत जाड सुती रजईपेक्षा हलकी पॉलिस्टरची बरी. सुती ओल धरते आणि पावसाळ्यात वासाला येते.

घरी काटा नसेल तर ताडपत्री दुकानात घेऊन या. कुठूनही घेतलेली असो, वजन-माप करून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. फक्त येताना ती कोरडी करून आणा, ओल्या ताडपत्रीचा जीएसएम भलताच निघतो.