अहवालातला बीटा कसा काढतात, आणि तो दुसरीकडे वेगळा का दिसतो

आम्ही पाठवतो त्या अहवालात प्रत्येक शेअरपुढे ‘बीटा’ नावाचा एक आकडा असतो. बाजार हलला की तो शेअर किती हलतो, याचं ते माप. हाच शेअर एखाद्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर पाहिला तर तिथे बहुतेक वेळा दुसराच आकडा दिसतो, आणि मग ‘यातला खरा कोणता?’ असा फोन आम्हाला येतो. हा आकडा कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही काढता येतो. एकदा काढून पाहिला की फरक कुठून येतो तेही कळतं.

बीटा म्हणजे भागाकार. वर शेअरचा बाजाराशी असलेला कोव्हेरिअन्स (सहप्रचरण), खाली बाजाराचा स्वतःचा व्हेरिअन्स (प्रचरण). बाजार म्हणून आपण एखादा व्यापक निर्देशांक घेतो. हिशेब भावांचा नसतो, परताव्याचा असतो, म्हणजे महिन्याभरात भाव किती टक्के वर-खाली झाला याचा. थेट भाव घेतले तर वर्षानुवर्षं चढत गेलेल्या कोणत्याही दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या दिसतात आणि आलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

खालचे सहा महिने हिशेब हाताने करता यावा म्हणून आम्ही मुद्दाम बेतलेले आहेत. आकडे टक्क्यांत आहेत.

| महिना | बाजार | शेअर | बाजाराचा फरक | शेअरचा फरक | गुणाकार |
|---|---|---|---|---|---|
| १ | २ | ५ | १ | ३ | ३ |
| २ | −१ | १ | −२ | −१ | २ |
| ३ | ३ | ३ | २ | १ | २ |
| ४ | −४ | −६ | −५ | −८ | ४० |
| ५ | ५ | ७ | ४ | ५ | २० |
| ६ | १ | २ | ० | ० | ० |

बाजाराची सरासरी १ आणि शेअरची २ येते. प्रत्येक महिन्याच्या परताव्यातून आपापली सरासरी वजा केली की ‘फरक’ हे दोन रकाने मिळतात. दोन्ही फरक एकाच दिशेने असतील तर गुणाकार धन येतो, विरुद्ध दिशेने असतील तर ऋण. गुणाकारांची बेरीज ६७. तिला पाचाने, म्हणजे महिन्यांच्या संख्येतून एक वजा करून भागलं की कोव्हेरिअन्स १३.४ येतो. बाजाराच्या फरकांचे वर्ग १, ४, ४, २५, १६ आणि ०, त्यांची बेरीज ५०. तिलाही पाचाने भागलं की व्हेरिअन्स १०. १३.४ भागिले १० म्हणजे बीटा १.३४. या सहा महिन्यांच्या नोंदीनुसार बाजार एक टक्का जास्त हलला तर हा शेअर सरासरीने १.३४ टक्के हलतो.

कोव्हेरिअन्स एकटा पाहून हे कळलं नसतं. १३.४ हा आकडा मोठा की छोटा, ते बाजार स्वतः त्या काळात किती हलत होता यावर ठरतं, म्हणूनच त्याला बाजाराच्या व्हेरिअन्सने भागतात. बाजाराचा स्वतःशी कोव्हेरिअन्स म्हणजेच त्याचा व्हेरिअन्स, त्यामुळे बाजाराचा बीटा नेहमी १ असतो आणि बाकी सगळे शेअर त्या १ शी ताडून पाहता येतात.

आता शेवटचा रकाना पुन्हा बघा. ६७ पैकी ४० एकट्या चौथ्या महिन्याचे आहेत. तो महिना वगळून सरासऱ्या नव्याने काढल्या तर गुणाकारांची बेरीज १९ आणि वर्गांची २० येते, म्हणजे बीटा ०.९५. शेअर तोच, पण बाजारापेक्षा जास्त हलणारा होता तो किंचित कमी हलणारा झाला! सरासरीपासून दूर गेलेल्या महिन्यांचं वजन या हिशेबात असंच फुगतं. चौथा महिना काढून टाकावा असं आम्ही म्हणत नाही, कारण बाजार कोसळतो तेव्हा शेअर कसा वागतो हेच तर गुंतवणूकदाराला हवं असतं. पण कालावधी बदलला की असा एखादा महिना आत येतो किंवा बाहेर पडतो. दोन ठिकाणचे बीटा न जुळण्याचं आमच्या मते हे पहिलं कारण.

दुसरं कारण स्प्रेडशीटमध्ये दडलेलं असतं. कोव्हेरिअन्स काढताना सहाने भागणारं सूत्र वापरलं आणि व्हेरिअन्ससाठी पाचाने भागणारं, तर बीटा १.३४ ऐवजी १.१२ येतो. जुनं `COVAR` सूत्र नोंदींच्या पूर्ण संख्येने भागतं आणि `VAR` एक वजा करून भागतं, म्हणून ही जोडी फसवी आहे. पाच वर्षांचे साठ महिने घेतले तर चूक अगदी बारीक होते, पण नोंदी थोड्या असल्या की ती जाणवते. बाजार `B` रकान्यात आणि शेअर `C` रकान्यात असेल तर पुढची दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात:

```
=COVARIANCE.S(C2:C7,B2:B7)/VAR.S(B2:B7)
=SLOPE(C2:C7,B2:B7)
```

दुसऱ्या सूत्रात शेअर आधी लिहायचा. क्रम उलटा झाला तर ६७ ला शेअरच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे १०० ने भागलं जातं आणि ०.६७ येतो. हा आकडा दिसायला इतका साळसूद असतो की शंकाही येत नाही. दोन्ही सूत्रं चालवून उत्तरं जुळतात का ते पाहणं, हा पडताळा पुरेसा आहे.

तिसरं कारण चूक नाही, पद्धत आहे. वित्तशास्त्राचे अभ्यासक मार्शल ब्लूम यांनी १९७१ मध्ये दाखवलं की एका काळात १ पासून दूर असलेले बीटा पुढच्या काळात १ कडे सरकतात. म्हणून काही ठिकाणी काढलेल्या बीटाचा दोन तृतीयांश भाग आणि १ चा एक तृतीयांश भाग मिळवून आकडा छापतात. आपला १.३४ तिथे १.२३ दिसेल. आमच्या अहवालात मूळ आकडाच असतो, कारण दुरुस्ती नंतरही करता येते.

अहवालात बीटाशेजारी लहान अक्षरांत ‘प्रमाण त्रुटी’ छापलेली असते, म्हणजे काढलेला बीटा साधारण किती हुकलेला असू शकतो याचा अंदाज. खरं तर तीच आधी वाचावी. वरच्या उदाहरणात ती ०.२३ आहे आणि नोंदी फक्त सहा आहेत, त्यामुळे ९५ टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की बीटा ०.७१ ते १.९७ च्या दरम्यान असावा. आणि हे आकडे तर बेतलेले, बाजाराशी छान जुळणारे. प्रत्यक्षातले शेअर इतके शिस्तीत चालत नाहीत. म्हणून १.१ आणि १.२ बीटाच्या दोन शेअरांत अमुक जास्त जोखमीचा असं आम्ही सांगत नाही.

ज्या शेअरमध्ये व्यवहार क्वचित होतात, तिथे मात्र बीटा ठरावीक दिशेने, म्हणजे खाली, चुकतो. आज बाजार पडला पण या शेअरचा सौदाच झाला नाही, तर पटलावर कालचाच भाव राहतो आणि पडझड उद्या-परवा दिसते. रोजच्या परताव्यात त्या दिवशी शेअर हललाच नाही असं वाटतं आणि कोव्हेरिअन्स कमी भरतो. ओळखायचं कसं? रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या परताव्यांवरून तीनदा बीटा काढा. तो पायरीपायरीने चढत गेला तर शिळ्या भावांचा संशय घ्यायला हरकत नाही. अशा शेअरसाठी आम्ही महिन्याचे परतावे वापरतो आणि आकड्यापुढे तारांकन करतो. तुमच्या अहवालात तारांकन असलेला बीटा ०.४ सारखा कमी दिसला, तर त्याला शेअर सुरक्षित असल्याची खूण मानू नका. त्याचे सौदे महिन्यातून किती दिवस होतात ते आम्हाला विचारा, ती नोंद आमच्याकडे असते.