करंट रेशो वाढला, तरी तरलता घटली

केस स्टडीत करंट रेशो २ आला की ‘आदर्श प्रमाण २:१, म्हणून तरलता उत्तम’ असं लिहून बरेच जण मोकळे होतात. पण २:१ हा काही निसर्गनियम नाही. चालू मालमत्तेची किंमत निम्म्यावर आली तरी देणी भागावीत, एवढाच त्यामागचा सावध हिशेब.

एका कारखान्याचा ताळेबंद घेऊ, आकडे लाखांत. रोकड १०, ग्राहकांकडून येणं ३०, मालाचा साठा ७५, आगाऊ भरलेले खर्च ५. चालू मालमत्ता झाली १२०. वर्षभरात फेडायची चालू देणी ६०. करंट रेशो २. गेल्या वर्षी मालमत्ता ९० आणि देणी ५० होती, म्हणजे १.८. वरवर पाहता सुधारणाच!

आता क्विक रेशो काढू. साठा आधी विकायला हवा, मग पैसे वसूल व्हायला हवेत. आगाऊ भरलेला विम्याचा हप्ता तर देणेकऱ्याला देताच येत नाही. म्हणून दोन्ही वजा करायचे. उरले ४०, भागिले ६०, म्हणजे ०.६७. गेल्या वर्षी साठा ३५ आणि आगाऊ खर्च ५ होते, तेव्हा हाच रेशो बरोबर १ होता. एक रेशो चढला आणि दुसरा उतरला, कारण साठा दुपटीहून जास्त फुगला. विकलेल्या मालाची किंमत दोन्ही वर्षी २१० असेल, तर अखेरच्या साठ्यावरून पाहता पूर्वी साधारण ६१ दिवसांत खपणारा माल आता १३० दिवस पडून राहतो. देणेकरी मात्र तेवढे थांबत नाहीत.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढेच आहे. ताळेबंदाच्या आदल्या दिवशी कारखान्याने सगळी १० लाखांची रोकड देऊन तेवढी देणी फेडली, तर करंट रेशो ११० भागिले ५०, म्हणजे २.२ होतो. क्विक रेशो ३० भागिले ५०, म्हणजे ०.६ वर घसरतो. व्यवहार एकच, परिणाम उलटे. अंश आणि छेद दोन्हींतून सारखीच रक्कम वजा केली की एकापेक्षा मोठा अपूर्णांक आणखी मोठा होतो, लहान असेल तो आणखी लहान. खात्यात दमडी उरली नाही, तरी करंट रेशो सजून दिसतो. हे सगळं नियमात बसतं, म्हणून वर्षअखेरच्या एका आकड्यावर विसंबू नये.

उत्तरात दोन्ही रेशो दोन्ही वर्षांचे मांडावेत आणि फरक साठ्यामुळे पडला हे लिहावं. क्विक रेशोलाही मर्यादा आहे. ३० लाखांच्या येण्यातले १२ लाख बुडीत निघाले, तर ०.६७ चा ०.४७ होतो, म्हणून येणं किती जुनं आहे हे तपासावं. उलट रोखीने विकणाऱ्या आणि उधारीवर माल घेणाऱ्या किरकोळ विक्रेत्याचा करंट रेशो एकाखाली असूनही त्याचं नीट चालू शकतं, कारण देणी द्यायची वेळ येण्याआधीच त्याच्या हातात विक्रीचे पैसे आलेले असतात.