मधमाशीचे वाक्य आणि तापमानाची तीन वळणे

नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने वातावरणाच्या थरांचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी एक वाक्य रचले: "तळ्याकाठी स्थिरावलेली मधमाशी उडाली बाहेर." वाक्य चांगले आहे. त, स्थि, म, उ, बा या आद्याक्षरांवरून तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, उष्मांबर आणि बाह्यांबर हे पाच थर जमिनीपासून वर याच क्रमाने आठवतात, आणि 'मधमाशी'तला 'मध' 'मध्यांबर'शी इतका जुळतो की मधल्या थराची जागा सहसा चुकत नाही. काही पुस्तकांत उष्मांबराच्या जागी आयनांबर दिलेले असते. उष्मांबर हे नाव तापमानावरून आले आहे आणि आयनांबर हे विद्युतभारित कणांवरून, त्यामुळे दोन्हींच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत. आपला प्रश्न तापमानाचा असल्याने इथे उष्मांबर हेच नाव घेतले आहे.

चाचणीत मात्र तिने तपांबरात उंचीबरोबर तापमान वाढते असे लिहिले. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "मामा, नावातच तप आहे ना!" स्मरणसूत्राने क्रम दिला होता, पण तापमान वाढते की घटते हे त्यात कुठेच नव्हते, आणि ती रिकामी जागा नावाच्या अर्थाने चुकीची भरून काढली होती. अशी चूक ओळखणे सोपे असते, कारण थरांची नावे अचूक येतात आणि तापमान वाढते की घटते हे दाखवणारा बाण तेवढा उलटा होतो.

हा बाण पाठ करण्याऐवजी प्रत्येक थराला ऊब कुठून मिळते हे विचारले, तर तो आपोआप सुटतो. वातावरणाला ऊब देणाऱ्या मुख्य जागा तीन आहेत. पहिली जमीन. सूर्यप्रकाशाने आधी जमीन तापते आणि तिच्यामुळे तिच्यावरची हवा तापते, म्हणून तपांबर खालून तापते आणि वर जावे तसे थंड होते. दुसरी ऊब स्थितांबरातल्या ओझोनची आहे, कारण ओझोन सूर्याची अतिनील किरणे शोषून घेतो. तिसरी ऊब उष्मांबरात, जिथे ऑक्सिजन आणि नायट्रोजन सूर्याची आणखी तीव्र किरणे शोषतात. मध्यांबराच्या वाट्याला यातली एकही जागा पुरेशी येत नाही. तिथे ओझोन विरळ होत जातो आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता अवकाशात टाकत राहतो, म्हणून तापमान पुन्हा घटते आणि सुमारे 85 ते 90 किलोमीटरवर उणे 90 अंशांच्या आसपास पोहोचते. घट, वाढ, घट, वाढ असे हे चार बाण आहेत. मधमाशीच्या वाक्यात शब्द पाच असल्यामुळे मुले बाह्यांबरालाही पाचवा बाण देतात. तिथे हवा इतकी विरळ असते की उंचीनुसार तापमान बदलण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, म्हणून त्या शब्दाला बाण द्यायचा नाही.

आता हे सगळे लक्षात ठेवण्यासाठी केलेल्या प्रश्नोत्तरांच्या कार्डांकडे वळू. भाचीने पहिल्यांदा केलेल्या कार्डावर एका बाजूला "स्थितांबर" आणि दुसऱ्या बाजूला उंची, तापमान, ओझोन, वादळे नसणे, विमाने वगैरे सहा गोष्टी होत्या. असे कार्ड उलटले की चार गोष्टी आठवतात, दोन आठवत नाहीत, आणि उत्तर बरोबर धरायचे की चूक हे ठरवता येत नाही. म्हणून आम्ही ते फाडून एका कार्डावर एकच प्रश्न घेतला, आणि तोही कारणाच्या दिशेने: "ओझोन किरणे शोषतो. मग या थरात वर जाताना तापमानाचे काय होते?" मागे उत्तर: "वाढते. थर स्थितांबर, वरच्या टोकाला साधारण 0 अंश."

या कार्डाने आणखी एक गोंधळ उघड केला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ओझोन सर्वांत दाट असतो तो सुमारे 20 ते 25 किलोमीटरवर, पण स्थितांबर सर्वांत उबदार असते ते त्याच्या माथ्याशी, म्हणजे सुमारे 50 किलोमीटरवर. असे का? किरणे वरून येतात आणि त्यांचा मोठा भाग वरच्या ओझोनवरच खर्च होतो. शिवाय तिथली हवा विरळ असल्याने तेवढ्याच उष्णतेने ती जास्त तापते. याचे स्वतंत्र कार्ड केले नाही, तर 25 किलोमीटर आणि 50 किलोमीटर हे आकडे हमखास एकमेकांच्या जागी जाऊन बसतात.

आकड्यांचे एक कार्ड आम्ही पुण्यावरून बांधले. तपांबरात दर किलोमीटरला तापमान सरासरी 6.5 अंशांनी घटते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा साधारण 1,300 मीटरवर, म्हणजे फरक पाऊण किलोमीटरच्या जवळ आणि तापमानातला फरक पाच अंशांच्या आसपास. हाच हिशेब पुढे नेला, तर पुण्यात 30 अंश असताना 16 किलोमीटर वर 104 अंशांची घट होऊन तापमान उणे 74 येते, आणि उष्ण कटिबंधात तपांबराच्या माथ्याशी खरोखरच जवळपास इतकी थंडी असते. पुस्तकांत मात्र या सीमेची उंची अनेकदा 11 किलोमीटर आणि तापमान उणे 56.5 अंश दिलेले असते. ते प्रमाण वातावरणाचे, म्हणजे मध्य अक्षांशांजवळचे आकडे आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाच कार्डावर आले तर एकमेकांना पुसून टाकतात, म्हणून प्रश्नातच "पुण्यावर" किंवा "प्रमाण वातावरणात" असे लिहावे लागते.

सीमांची नावे, म्हणजे तपस्तब्धी, स्थितस्तब्धी आणि मध्यस्तब्धी, शब्दांनी पाठ करण्यापेक्षा चित्राच्या कार्डावर चांगली बसतात. उभ्या अक्षावर उंची, आडव्या अक्षावर तापमान घेऊन खालून वर रेघ काढली की ती डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे आणि शेवटी दूर उजवीकडे जाते. खालून वाचले तर बेरजेच्या Σ या चिन्हाचा हा ढोबळ आकार आहे. कात्रज घाटातल्या वळणांसारखी ही तीन वळणे, आणि प्रत्येक वळणावर एक स्तब्धी, कारण तिथे तापमानाची घट किंवा वाढ क्षणभर थांबते. कोऱ्या अक्षांवर ही रेघ स्वतः काढायची आणि मग कार्ड उलटून ताडून पाहायची. पाहून गिरवली तर ती आपल्याला येत असल्याचा भास होतो.

कार्डे आम्ही तीन डब्यांत ठेवतो. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात सुचवलेल्या पद्धतीनुसार बरोबर आलेले कार्ड पुढच्या डब्यात जाते आणि चुकलेले पुन्हा पहिल्यात येते. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने उघडायचा, हे अंतर आमचे आम्ही ठरवले आहे. उष्मांबराचे कार्ड सगळ्यांत जास्त वेळा पहिल्या डब्यात परतले. तिथले तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते हे तिला पटत होते, पण तिथे तापमापी धरली तर ती तितकी तापणार नाही हे पटत नव्हते. कण प्रचंड वेगाने धावतात, पण ते इतके थोडे असतात की तापमापीवर आदळून पुरेशी उष्णता देऊ शकत नाहीत. हे वाक्य कार्डाच्या मागे लिहिल्यावर कार्ड पुढे सरकू लागले.

डिसेंबरात पहाटे आम्ही पर्वती चढलो, तेव्हा पायथ्याशी गारठा होता, धूर खाली पसरून अडकल्यासारखा दिसत होता आणि वर हवा थोडी ऊबदार लागली. तिने लगेच विचारले, "मग तपांबरात घटते कसे?" स्वच्छ रात्री जमीन झपाट्याने उष्णता सोडते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आणि सूर्य चढेपर्यंत खालच्या काही शेकडो मीटरांत बाण उलटा राहतो. घरी आल्यावर तिने तपांबराच्या कार्डावरच्या "घटते" या शब्दाआधी "सरासरी" असे लिहिले.